मोटर, पूर्णांक आणि भागाकारात उरलेली बाकी

पॅकिंगच्या टेबलावर एक छोटा सरकता पट्टा आहे. तो ओढायला १२ व्होल्टची डीसी मोटर, मोटरीच्या दांड्यावर वीस खाचांची चकती, खाच सरकली की खूण देणारा प्रकाशाचा सेन्सर, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारा आर्डुइनो उनो बोर्ड. मोटरीने मिनिटाला १८०० फेरे घ्यावेत, असं प्रोग्रामला सांगून ठेवलेलं आहे. पण पट्ट्यावर खोकी चढू लागली की वेग हळूहळू उतरतो आणि १६५०च्या आसपास जाऊन बसतो. तासभर वाट पाहिली तरी तो तिथून वर येत नाही.

प्रोग्राममधलं सूत्र पुस्तकातल्यासारखंच आहे. तेच सूत्र संगणकावर दशांश अपूर्णांकांनी चालवून पाहिलं, तर आकडा बरोबर १८००वर येतो. फरक एवढाच, की बोर्डावरचा प्रोग्राम फक्त पूर्णांकांत गणित करतो. मग हे दीडशे फेरे जातात कुठे?

या सूत्राचं नाव पीआयडी. रशियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले अभियंते निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूसंबंधी लिहिताना त्याची गणिती मांडणी केली. मुरलेला सुकाणूवाला जहाज किती भरकटलंय एवढंच पाहत नाही. ते कधीपासून भरकटतंय आणि किती झपाट्याने, हेही तो ध्यानात घेतो. पीआयडीतली तीन अक्षरं म्हणजे याच तीन गोष्टी. पी म्हणजे या क्षणी किती चूक आहे, आय म्हणजे आतापर्यंत साठत आलेली चूक, आणि डी म्हणजे चूक बदलण्याचा वेग. प्रत्येकीला आपापल्या गुणकाने गुणायचं, बेरीज करायची आणि त्या बेरजेइतका जोर मोटरीला द्यायचा.

आपल्या पट्ट्यावर हा जोर ० ते २५५ अशा पायऱ्यांत मोजला जातो. मोटरीचा वीजपुरवठा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतो, आणि त्यातला किती वेळ तो चालू राहायचा हे या आकड्यावरून ठरतं. २५५ म्हणजे सतत चालू. तेव्हा आपली मोटर बिनओझ्याची ३००० फेऱ्यांपर्यंत जाते. म्हणजे १८०० फेऱ्यांसाठी ढोबळमानाने १५३ इतका जोर हवा, आणि ओझं असेल तर त्याहून जास्त. आता एकटा पी ठेवला तर काय होईल? चूक शून्य झाली की पीचा हिस्साही शून्य, आणि शून्य जोरावर मोटर फिरत नाही. म्हणून चूक शून्य असतानाही १५३ किंवा १७० टिकवून धरण्याचं काम साठ्याला, म्हणजे आयला करावं लागतं. ओझं वाढलं तर तेवढा जादा जोर शोधून काढणं हेही त्याचंच काम. वेग १६५०वर अडकलाय याचा अर्थच हा, की आय काम करत नाहीये.

उनोमध्ये एटीमेगा३२८पी ही आठ बिटांची चिप असते. ती १६ मेगाहर्ट्झवर चालते आणि दोन आठ-बिटी आकड्यांचा गुणाकार दोन चक्रांत उरकते. भागाकाराची स्वतंत्र सूचना मात्र तिच्याकडे नाही, आणि दशांश अपूर्णांक हाताळणारं हार्डवेअरही नाही. अपूर्णांक हवे असतील तर कंपायलर त्यांच्यासाठी छोटे प्रोग्राम जोडून देतो, आणि मग एकेका बेरीज-गुणाकाराला शंभराच्या घरात चक्रं खर्ची पडतात. खरं बोलायचं तर सेकंदाला शंभर वेळा चालणाऱ्या लूपला एवढा खर्च परवडतो, कारण दोन फेऱ्यांच्या मध्ये १ लाख ६० हजार चक्रं हाताशी असतात. पण हेच काम एटीटायनी१३सारख्या चिपवर करायचं म्हटलं, तर प्रोग्रामसाठी जागा अवघी १ किलोबाइट. तिथे अपूर्णांकांचं सामान जोडलं की बाकी कशाला जागा राहत नाही. आणि मोटरीचा विद्युतप्रवाह सेकंदाला वीस हजार वेळा तपासायचा असेल, तर १६ मेगाहर्ट्झवर दर खेपेला फक्त ८०० चक्रं मिळतात. अशा ठिकाणी पूर्णांकांवाचून गत्यंतर नसतं.

पूर्णांकांचा पहिला पेच वेग मोजतानाच येतो. सरळ वाटणारी रीत म्हणजे दर १० मिलिसेकंदांत किती खाचा गेल्या ते मोजणं. मिनिटाला १८०० म्हणजे सेकंदाला ३० फेरे, म्हणजे ६०० खाचा, म्हणजे १० मिलिसेकंदांत सहा. एक खाच कमी-जास्त मोजली गेली की वेग एकदम ३०० फेऱ्यांनी बदललेला दिसणार. इतक्या जाड मापाने १८०० आणि १८२० यांत फरक करता येत नाही.

म्हणून उलटं मोजायचं. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत वेळ किती गेला, ते पाहायचं. चिपमधला टायमर अर्ध्या मायक्रोसेकंदाला एक ठोका टाकेल असा लावला, तर मिनिटाला १२ कोटी ठोके पडतात. फेऱ्याला वीस खाचा असल्याने ६० लाखांना दोन खाचांमधल्या ठोक्यांनी भागलं की मिनिटाचे फेरे हाती येतात. ठोके ३३३३ असतील तर उत्तर १८००. ठोके ३३३४ झाले तर १७९९. त्याच चकतीवर तोच सेन्सर, पण आता माप एका फेऱ्यापर्यंत बारीक झालं. (खाचा अगदी सारख्या कापलेल्या नसतील, तर एकाऐवजी पूर्ण फेऱ्याभरातल्या वीस अंतरांची सरासरी घ्यावी. नाहीतर चकतीचा दोष मोटरीचा दोष म्हणून दिसत राहतो.)

या रीतीत एक खड्डा आहे. मोटर अडकून थांबली तर पुढची खाच येतच नाही, आणि शेवटचा मोजलेला वेग तसाच राहतो. प्रोग्रामच्या लेखी मोटर मजेत फिरत असते. प्रत्यक्षात ती जागच्या जागी तापत असते. सोळा बिटांचा टायमर सुमारे ३३ मिलिसेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. तेवढ्या वेळात एकही खाच आली नाही, तर वेग शून्य धरायचा, हा नियम प्रोग्राममध्ये लिहावाच लागतो. त्याची किंमत म्हणजे ९२ फेऱ्यांपेक्षा मंद वेग या मांडणीत मोजता येत नाही. पट्ट्याला तेवढ्या मंद वेगाची गरज नाही.

आता गुणक. मोटर चालवून पाहिल्यावर पीचा गुणक ०.०८ आणि दर खेपेला साठ्यात घालायच्या चुकीचा गुणक ०.००६ बरा वाटला, असं धरू. पूर्णांकांच्या जगात ०.००६ हा आकडाच नाही. त्यावरचा उपाय किराणा दुकानदाराला ठाऊक असतो. हिशेब पैशांत ठेवायचा आणि रुपये फक्त शेवटी सांगायचे. इथे एका रुपयाचे शंभर पैसे न धरता ४०९६ धरायचे, कारण ४०९६ ही दोनची बारावी घात आहे. तिने भागायला खरा भागाकार लागत नाही, बिटं बारा घरं उजवीकडे सरकवली की झालं. ०.०८ गुणिले ४०९६ म्हणजे जवळपास ३२८, आणि ०.००६ गुणिले ४०९६ म्हणजे जवळपास २५.

२५६ घेतले असते तर? अनेक नमुना प्रोग्रामांत तेच असतं. पण मग ०.००६चे होतात दीड, आणि पूर्णांकात ते एकतर १ लिहायचे नाहीतर २. म्हणजे गुणक वाढवायचा तर थेट दुप्पट, मधलं काही नाही. मोटर एका आकड्यावर सुस्त आणि पुढच्यावर उतावीळ वागते, आणि माणूस मोटरीला दोष देत बसतो. गुणक नीट लावता यावा इतके ‘पैसे’ रुपयात असावेच लागतात.

इथवर सगळं ठीक. दीडशे फेरे गेले ते पुढच्या दोन ओळींत.

```c
sum += (KI * err) >> 12;
u = ((KP * err) >> 12) + sum;
```

वाचायला या ओळी निर्दोष आहेत. चुकीला २५ने गुणलं, ४०९६ने भागलं, आलेलं उत्तर साठ्यात टाकलं. पण चूक १५० असेल तर २५ गुणिले १५० म्हणजे ३७५०, आणि ४०९६ने भागल्यावर भागाकार शून्य, बाकी ३७५०. साठ्यात पडतं शून्य आणि बाकी फेकली जाते. दहा मिलिसेकंदांनी पुन्हा तेच. चूक १६४ झाल्याशिवाय साठ्यात एकसुद्धा भर पडत नाही, कारण २५ गुणिले १६३ म्हणजे ४०७५, अजूनही ४०९६च्या आतच. म्हणून १६३ फेऱ्यांपर्यंतची कमतरता आयला दिसतच नाही. मोटर १६५०वर बसते ती याच आंधळ्या पट्ट्यात.

उतारावर हीच ओळ वेगळी वागते. ऋण संख्येची बिटं उजवीकडे सरकवली की उत्तर शून्याकडे न जाता खालच्या पूर्णांकाकडे जातं. उनोसाठी वापरला जाणारा कंपायलर असंच करतो. मोटर फक्त एका फेऱ्याने जास्त धावली तरी उणे २५चं सरकवून उणे १ होतं, आणि साठ्यातून एक वजा होतो. म्हणजे एका फेऱ्याची आगळीक जेवढं वजा करते, तेवढं जमा व्हायला १६४ फेऱ्यांची कमतरता लागते. वेगाच्या मापात थोडी थरथर असतेच. अशी दर थरथर साठा खाली ओढते, वर कधीच ढकलत नाही. त्यामुळे असल्या प्रोग्रामची मोटर नेहमी कमीच धावते, सहसा जास्त नाही. दोष ओळखण्याची ही चांगली खूण आहे. सरकवण्याऐवजी `/` वापरून भागलं, तर उत्तर दोन्ही बाजूंनी शून्याकडे झुकतं. एकांगीपणा जातो, पण १६३ फेऱ्यांचं आंधळेपण दोन्ही बाजूंना राहतंच.

उपाय एका वाक्याचा आहे. साठा पैशांतच ठेवायचा आणि भागाकार अगदी शेवटी, एकदाच करायचा.

```c
int32_t err = target - rpm;
sum += KI * err;
if (sum > 1044480L) sum = 1044480L;
if (sum < 0) sum = 0;
int32_t u = (KP * err + sum + 2048) >> 12;
if (u > 255) u = 255;
if (u < 0) u = 0;
```

आता चूक एका फेऱ्याची असली तरी साठ्यात २५ पडतात. १६४ खेपांत, म्हणजे १.६४ सेकंदांत त्याचे ४१००च्या घरात होतात आणि जोर एका पायरीने वाढतो. काहीच वाया जात नाही, फक्त थोडा वेळ लागतो. मधले २०४८ म्हणजे ४०९६चा अर्धा. ते मिळवून मग सरकवलं की उत्तर जवळच्या पूर्णांकाकडे जातं, आणि खालच्या दिशेचा तो एकांगीपणा निघून जातो. पट्टा आता खोक्यांसकट १८००वर येतो. जोराची एक पायरी म्हणजे सुमारे १२ फेरे, त्यामुळे नेमकी गरज दोन पायऱ्यांच्या मध्ये पडली तर आकडा १७२ आणि १७३ यांत आलटूनपालटून खेळत राहतो. तो दोष नव्हे. त्या दोन पायऱ्यांची सरासरी काढूनच मोटर हवा तो वेग गाठते.

फेकलेली बाकी छोटी असते, पण ती दर खेपेला फेकली जाते. यातला धोका जगाला फार महागात कळलेला आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पेट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. ती यंत्रणा काळ दशांश सेकंदांत मोजत होती. एक दशांश ही संख्या द्विमानात संपत नाही, आणि २४ बिटांत बसवताना तिचं शेपूट कापलं गेलं होतं. दर ठोक्याला चूक होती सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतकी. यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू होती, आणि तेवढ्यात घड्याळ ०.३४ सेकंद मागे पडलं. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं.

बाकी वाचवली की आकडे मोठे होतात, आणि मग दुसरी भिंत समोर येते. उनोवर साधा `int` सोळा बिटांचा असतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी धन संख्या ३२,७६७. पीचा गुणक ३२८. चूक ९९ असेल तर गुणाकार ३२,४७२, बसला. चूक १०० झाली की ३२,८००, आणि हा आकडा सोळा बिटांत उणे ३२,७३६ होऊन बसतो. सरकवल्यावर अधिक ८ऐवजी उणे ८ मिळतं. मोटर मागे पडलीय, जोर द्यायला हवा, आणि प्रोग्राम नेमका त्याच वेळी जोर काढून घेतो. यातलं फसवं हे, की टेबलावर मोकळी मोटर चालवताना एकदा वेग धरला की चूक शंभराच्या आतच राहते आणि सगळं झकास दिसतं. खोकं जोरात आदळलं की मोटर पिसाटते. हलक्या ओझ्यावर शहाणी आणि जड ओझ्यावर वेडी होणारी मोटर दिसली, तर आधी बिटं मोजावीत. वरच्या प्रोग्रामात `err` आधीच `int32_t` आहे म्हणून गुणाकार बत्तीस बिटांत होतो. दोन सोळा-बिटी आकड्यांचा गुणाकार करून तो बत्तीस बिटांच्या खोक्यात ठेवल्याने काही साधत नाही. तोवर तो बिघडलेला असतो.

१०,४४,४८० ही मर्यादा म्हणजे २५५ गुणिले ४०९६. मोटरीला देता येणारा जोर २५५वर संपतो, तर साठाही तिथेच थांबायला हवा. ही ओळ गाळली तर काय होतं, त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, खोकं अडकून पट्टा दहा सेकंद थांबला. चूक १८००, दर खेपेला साठ्यात ४५,००० पडतात. पाव सेकंद होण्याआधीच जोर २५५ला टेकतो, पण साठा वाढतच राहतो, आणि दहा सेकंदांत साडेचार कोटींवर जातो. खोकं सुटतं. मोटर ३०००वर उसळते. आता चूक उणे १२०० आहे, दर खेपेला ३०,००० वजा होतात, आणि जोर कमी होऊ लागेपर्यंत साडेचौदा सेकंद जातात. तोवर पट्टा पूर्ण वेगाने माल भिरकावत असतो. पट्टा आठ मिनिटं अडकून राहिला, तर साठा बत्तीस बिटांतही मावत नाही. मर्यादेची ती एक ओळ असली की यातलं काहीच घडत नाही.

दशांश अपूर्णांक वापरणारे यातून सुटले असं मात्र नाही. उनोवरच्या अपूर्णांकाला २४ बिटांची अचूकता असते. साठा १,६७,७७,२१६वर पोहोचला की त्यात १ मिळवूनही तो बदलत नाही. बाकी तिथेही फेकली जाते, फक्त कुठे फेकली जाते ते प्रोग्राममध्ये लिहिलेलं नसतं. पूर्णांकांत ती जागा `>> 12` अशी डोळ्यांसमोर असते. हा पूर्णांकांचा मोठा गुण आहे, आणि केवळ वेगासाठी ते वापरावेत असं म्हणणाऱ्यांच्या तो सहसा ध्यानात येत नाही.

एक गोष्ट विसरली जाते. २५ या आकड्यात १० मिलिसेकंद दडलेले आहेत. लूप ५ मिलिसेकंदांनी चालवायचा ठरवला, तर साठ्यात भर दुप्पट वेळा पडणार, म्हणून आयचा गुणक निम्मा करावा लागतो. लूप कधी ८ तर कधी १४ मिलिसेकंदांनी चालत असेल, तर गुणकाला अर्थच उरत नाही. म्हणून त्याची वेळ टायमरनेच ठरवावी, इतर कामं उरकल्यावर जमेल तेव्हा नव्हे.

आणि डी? तो लावायचाच असेल तर चुकीवर न लावता मोजलेल्या वेगावर लावावा. नाहीतर हवा असलेला वेग शून्यावरून १८०० केला, की त्या एका खेपेत चूक १८००ने बदलते आणि डी मोटरीला सणसणीत धक्का देतो. पण वेग हे आधीच थरथरतं माप असतं, आणि दोन मापांची वजाबाकी त्याहून थरथरते. खाचा मोजण्याच्या जाड रीतीत तर डीला दर खेपेला ३०० फेऱ्यांची उडी दिसेल. मोटरीचा वेग राखणाऱ्या बहुतेक लूपमध्ये डीचा गुणक शून्य ठेवलेला असतो, आणि या पट्ट्यावरही तो शून्यच आहे.